एकाच मॉनिटरवर बिलिंग आणि कॅमेरे: पीआयपी व पीबीपी कसं वापराल

काउंटर लहान, त्यावर बिलांचा कॉम्प्युटर, शिवाय सीसीटीव्हीचा वेगळा मॉनिटर. मग गिऱ्हाईक पिशवी ठेवणार कुठे? डिचोली-म्हापशाच्या दुकानांत आम्हाला हेच दिसतं, म्हणून हे माहितीपत्रक.

काही मॉनिटर दोन केबलमधून आलेली दोन चित्रं एकाच वेळी दाखवतात. एक चित्र मोठं आणि दुसरं त्याच्या कोपऱ्यात लहान चौकटीत, हे पीआयपी. पडदा मधोमध विभागून दोन्ही शेजारी शेजारी, हे पीबीपी. ही सोय मॉनिटरच्या आतच असावी लागते. स्वस्तातल्या २२ आणि २४ इंची मॉडेलांत ती बहुधा नसते आणि नंतर सॉफ्टवेअर टाकून येत नाही.

अलीकडे डिचोलीतल्या एका फार्मसीत आम्ही ही जोडणी केली. मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा. बिलिंगचा कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्टला आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर एचडीएमआयला जोडला. मालकांनी आधी पीबीपी मागितलं. प्रत्येक अर्धा भाग १२८० बाय १४४० चा, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. डीव्हीआरचं चित्र आडवं असतं, त्यामुळे ते १२८० बाय ७२० मध्ये बसलं आणि वर-खाली काळे पट्टे राहिले. बिलिंगची बाजू तर आणखी अडली. विंडोजच्या Display resolution मध्ये १२८० बाय १४४० निवडेपर्यंत अक्षरं चेपलेली दिसत होती. ते नीट झाल्यावरही औषधाचं नाव, बॅच आणि एक्स्पायरी एका ओळीत मावेनात. औषधाच्या दुकानात हे चालणार नाही, म्हणून आम्ही पीआयपीवर आलो.

मॉनिटरच्या मागच्या किंवा खालच्या बटणाने मेनू उघडून PIP/PBP मध्ये जा, PIP निवडा, दुसरा सोर्स म्हणून डीव्हीआरची केबल ज्या HDMI ला आहे ती द्या, मग आकार आणि कोपरा ठरवा. नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात. कोपरा मात्र विचार करून निवडा. आम्ही चौकट आधी उजवीकडे खाली ठेवली, तर तिने बिलाची एकूण रक्कमच झाकली. डावीकडे वर नेली, तर सॉफ्टवेअरचा मेनू गेला. शेवटी उजवीकडे वर ठेवली आणि बिलिंगची विंडो थोडी आत ओढून घेतली, म्हणजे ती बंद करायची खूण मोकळी राहिली.

चौकटीत चार कॅमेरे एकत्र दाखवले तर प्रत्येक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, माणूस ओळखू येत नाही. बहुतेक डीव्हीआरमध्ये हव्या त्या कॅमेऱ्यावर माऊसने डबल क्लिक केलं की तो एकटाच दिसतो. आम्ही दाराचा कॅमेरा ठेवला. बाकीचे दिसत नसले तरी त्यांचं रेकॉर्डिंग चालूच राहतं. इथे डीव्हीआरचाच माऊस लागतो, कारण कॉम्प्युटरचा माऊस त्या चौकटीत चालत नाही. दोन्ही माऊसवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा.

‘कॉम्प्युटरवरच कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर उघडून स्क्रीनचे दोन भाग केले तर?’ असं बरेच जण विचारतात. विंडोज की दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की विंडो अर्ध्या भागात बसते, आणि त्यासाठी कोणताही मॉनिटर चालतो. पण कॉम्प्युटर अडकला किंवा अपडेटसाठी बंद पडला की कॅमेऱ्यांचं चित्रही जातं. पीआयपीत ते थेट डीव्हीआरमधून येतं. दारावर नजर ठेवायची असेल तर आमच्या मते पीआयपीच घ्यावं.

मेनूत PIP फिकट दिसत असेल आणि निवडता येत नसेल, तर आधी FreeSync आणि HDR बंद करून बघा, अनेक मॉनिटरवर ते चालू असताना ही सोय मिळत नाही. तरीही जमलं नाही तर मॅन्युअलमधला जोड्यांचा तक्ता पाहा. काही मॉडेलं दोन्ही एचडीएमआय एकत्र घेत नाहीत, एक सोर्स डिस्प्लेपोर्टवरच हवा असतो.

पावसात वीज जाऊन आली की मॉनिटर लगेच लागतो, पण डीव्हीआर सुरू व्हायला एखाद-दोन मिनिटं घेतो. तोवर चौकटीत No Signal दिसेल. केबल ओढू नका, थांबा. मॉनिटर आपोआप दुसऱ्या सोर्सवर उडी मारत असेल तर Auto Input बंद करा. डीव्हीआर आणि मॉनिटर दोन्ही एकाच यूपीएसवर असतील तर ही कटकट बरीच कमी होते. चित्र मधूनच लुकलुकत असेल तर बहुधा केबल लांब पडलेली असते. साध्या एचडीएमआय केबलला दहा मीटरच्या पुढे भरवसा नसतो.

म्हणून मॉनिटर घ्यायला येताना डीव्हीआरपासून काउंटरपर्यंतचं अंतर भिंतीच्या कडेने मोजून आणा, आणि डीव्हीआरच्या मागच्या बाजूचा एक फोटो मोबाईलवर काढून आणा.