पुनर्स्वीकृत शब्द आणि ‘क्वीअर’चा वाद

एखाद्या समूहाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द त्याच समूहातील लोकांनी जाणूनबुजून स्वतःसाठी वापरायला घेतला, तर त्याला पुनर्स्वीकृत शब्द म्हणतात. असे शब्द जुन्या काळापासून आढळतात. १९०६ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’ने मतदानाचा हक्क मागणाऱ्या आक्रमक स्त्रियांना ‘सफ्रजेट’ म्हटले. त्यात खिल्ली उडवण्याचा हेतू होता. त्या स्त्रियांनी ते नाव उचलले आणि १९१२ मध्ये आपल्या साप्ताहिकालाच दिले. आज त्या शब्दातला उपहास कोणाला आठवतही नाही. पण प्रत्येक शब्दाचे असे होत नाही. इंग्रजीत समलिंगींना उद्देशून वापरला जाणारा ‘क्वीअर’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. तो अभिमानाने मिरवणारे आणि तो कानावर पडताच अंग चोरणारे, दोघेही एकाच समाजात आणि कधीकधी एकाच घरात भेटतात.

या शब्दाचा मूळ अर्थ विचित्र, चमत्कारिक, जरासा संशयास्पद. समलिंगी पुरुषांना उद्देशून शिवीसारखा त्याचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसतो. क्वीन्सबेरीच्या मार्क्विसने, म्हणजे ज्याच्यावर लेखक ऑस्कर वाइल्डने पुढे बदनामीचा खटला भरला त्या सरदाराने, १८९४ मधील एका पत्रात तो तसा वापरला आहे. मात्र इथे एक गुंतागुंत आहे, आणि ती बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. इतिहासकार जॉर्ज चॉन्सी यांनी दाखवून दिले आहे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कमधील अनेक समलिंगी पुरुष स्वतःला शांतपणे ‘क्वीअर’ म्हणवून घेत. बायकी समजल्या जाणाऱ्या पुरुषांपेक्षा आपण वेगळे आहोत, हे त्यातून त्यांना सुचवायचे असे. पुढे तरुण पिढीने ‘गे’ हा शब्द धरला आणि ‘क्वीअर’ हळूहळू निव्वळ शिवी बनून उरला. म्हणजे १९९० मध्ये जे घडले, तो या शब्दाचा समाजात झालेला पहिला प्रवेश नव्हता.

१९९० च्या मार्चमध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘क्वीअर नेशन’ ही संघटना उभी राहिली. तिचे संस्थापक ‘ॲक्ट अप’ या एड्सविषयीच्या आंदोलनातून आलेले होते. मित्रांच्या अंत्ययात्रांना जाऊन आलेली, सरकारी दिरंगाईने संतापलेली ही माणसे. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातील प्राइड मोर्चात एक निनावी पत्रक वाटले गेले. ‘क्वीअर्स रीड धिस’ हे त्याचे शीर्षक. हाच शब्द का, याची चर्चा करणारा एक स्वतंत्र भाग त्यात आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. हा शब्द त्रासदायक आहे, हे लेखक पहिल्याच फटक्यात कबूल करतात. ‘गे’ला त्यांचा विरोध नाही, पण त्या शब्दाचा जुना अर्थ आनंदी, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण सकाळी उठतात ते चिडलेले, उबगलेले असतात, असे ते म्हणतात. जग आपल्याकडे कसे पाहते याची आठवण राहावी म्हणून हा शब्द घ्यायचा, आणि द्वेष करणाऱ्याच्या हातातले हत्यार हिसकावून त्याच्यावरच उलटवायचे, हा त्यांचा युक्तिवाद.

पुनर्स्वीकाराचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते की शब्द वारंवार वापरून बोथट करायचा. या पत्रकात तसे काही नाही. शब्दाची धार जावी अशी लेखकांची इच्छाच नव्हती. धार होती म्हणून तर तो निवडला. त्यामुळे ज्यांना आजही तो शब्द बोचतो त्यांनी काळाची पावले ओळखली नाहीत, हा आरोप मला पटत नाही. शब्द बोचतो, याबाबत पत्रकाचे लेखक आणि हे वाचक यांच्यात मतभेद नाहीच. वाद आहे तो त्या बोचण्याचे करायचे काय, यावर.

पुढच्या काही वर्षांत शब्दाचे काम पालटले. १९९० च्या सुरुवातीलाच तेरेसा द लॉरेटिस यांनी कॅलिफोर्नियातील एका परिषदेला ‘क्वीअर थिअरी’ असे नाव दिले होते, आणि विद्यापीठांत त्या नावाची अभ्यासशाखा रुजली. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांच्या शीर्षकांत तो शब्द आला. ‘एलजीबीटी’च्या शेवटी ‘क्यू’ लागला. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांना एका दमात सामावणारा, शिवाय नेमके खाते न निवडता ‘चारचौघांसारखा नाही’ एवढेच सांगू देणारा शब्द म्हणून तरुणांना तो सोयीचा वाटला. ही सोय खरी आहे. स्वतःच्या लैंगिकतेबद्दल अजून ठाम उत्तर नसलेल्या माणसाला दुसरा इतका सैल शब्द सहज मिळत नाही.

खरी अडचण इथेच सुरू होते. ‘मी क्वीअर आहे’ हे वाक्य बोलणाऱ्याचे स्वतःचे असते. त्यात हक्क सांगितलेला असतो. ‘क्वीअर लोकांसाठी आरोग्य शिबिर’ असा फलक लागला की तोच शब्द फलक लावणाऱ्याने वाचणाऱ्याला चिकटवलेला असतो. शाळेच्या मैदानावर हा शब्द ऐकत मार खाल्लेल्या साठीच्या गृहस्थाला त्या फलकावर आपले स्वागत दिसेलच असे नाही. ब्रिटनमध्ये समलिंगींवरील हल्ल्यांना कित्येक वर्षे ‘क्वीअर-बॅशिंग’ असेच म्हटले जाई. ज्याच्या आठवणीत हे आहे त्याचा तो शब्द कधी नव्हताच, मग परत घेणार काय? विरोध करणारे सगळे वयस्क असतात असेही नाही. आपण लेस्बियन आहोत हे नेमकेपणाने सांगण्यासाठी झगडलेल्या काही स्त्रियांना हा छत्रीशब्द आपली ओळख पुसणारा वाटतो, आणि समलिंगी असूनही स्वतःला अजिबात विचित्र न मानणारी माणसेही बरीच आहेत.

वाक्यातील जागेनेही फरक पडतो. ‘क्वीअर समुदाय’, ‘क्वीअर साहित्य’ अशा विशेषणरूपात शब्द बराच निवळला आहे. ‘तो एक क्वीअर’ असे नाम केले, विशेषतः बाहेरच्या माणसाने, की जुनी शिवी लगेच डोके वर काढते. इंग्रजी पत्रकारितेत म्हणून साधा संकेत पाळला जातो: संबंधित व्यक्ती स्वतःसाठी तो शब्द वापरत असेल तरच बातमीत वापरायचा. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा कल याच्याशी जुळतो. हिणवणारे नाव माणसाने स्वतःला लावून घेतले तर पाहणाऱ्यांना तो अधिक सामर्थ्यवान वाटतो आणि ते नावही कमी वाईट वाटू लागते. अर्थात पाहणाऱ्यांना काय वाटते यावरून ज्याला तो शब्द लागतो त्याचे काय, हे कळत नाही.

शब्द कोणाचा, हा प्रश्न कायद्याच्या दारातही गेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मोर्चात मोटारसायकलींवरून सर्वांत पुढे जाणाऱ्या स्त्रियांच्या गटाने २००३ मध्ये ‘डाइक्स ऑन बाइक्स’ या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज केला. ‘डाइक’ ही लेस्बियन स्त्रियांसाठीची शिवी असल्याने हे नाव त्यांचा अपमान करणारे आहे, असे सांगून अमेरिकेच्या व्यापारचिन्ह कार्यालयाने तो फेटाळला. लेस्बियन स्त्रियांनीच घेतलेले नाव लेस्बियन स्त्रियांच्या रक्षणासाठी नाकारले गेले! गटाने तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रे जोडून दाखवले की या स्त्रियांमध्ये तो शब्द अभिमानाने वापरला जातो, आणि २००५ मध्ये कार्यालयाने माघार घेतली. त्यानंतर एका पुरुषाने हे नाव पुरुषांचा अवमान करते अशी हरकत घेतली, पण ती टिकली नाही. अपमानकारक चिन्हे नाकारण्याची ती तरतूदच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. तो खटला ‘द स्लँट्स’ या आशियाई-अमेरिकन वाद्यवृंदाचा होता, आणि त्यांनीही आपल्या वाट्याला आलेली शिवीच नाव म्हणून घेतली होती. कोणत्या शब्दाने कोणाचा अपमान होतो हे ठरवून त्याची नोंदणी अडवण्याचे काम त्यानंतर कार्यालयाकडे उरले नाही.