खडा पित्तनलिकेत, सूज स्वादुपिंडाला: ईआरसीपीची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत पोटविकाराच्या दवाखान्यात ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढण्याची प्रक्रिया, झालेल्या पेशंटचं पोट संध्याकाळी दुखायला लागलं की नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो: "खडा पित्ताच्या नळीत होता, मग सूज स्वादुपिंडाला कशी आली? डॉक्टरांचा हात चुकला का?" हात चुकूही शकतो, पण बहुतेक वेळा कारण शरीराच्या रचनेतच असतं.

यकृतातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी या दोन्ही लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जवळपास एकाच ठिकाणी उघडतात. दोन शेतांचं पाणी एकाच मोरीतून ओढ्याला जावं, तसं. ही मोरी म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरचा काही मिलिमीटरचा उंचवटा, आणि त्याभोवती स्नायूची झडप. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत आला की बहुतेकदा इथेच अडकतो. मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, थंडी वाजून ताप येतो. (आपल्याकडे यातले काही दिवस काविळीच्या झाडपाल्यात जातात. अडकलेल्या खड्यावर झाडपाल्याचा काही उपयोग नाही, आणि तापासह कावीळ असेल तर थांबणं जिवावर बेतू शकतं.)

असा खडा काढायचा तर पूर्वी पोट उघडावं लागे. स्वित्झर्लंडचे सर्जन कूर्व्हाझिए यांनी 1890 मध्ये पित्तनलिका कापून खडा काढला आणि पुढची जवळपास ऐंशी वर्षं रस्ता तोच राहिला: बरगडीखाली मोठा छेद, नलिकेत रबराची टी-ट्यूब आणि बाहेर लटकणारी पित्ताची पिशवी.

1968 मध्ये अमेरिकेत मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून त्या उंचवट्याच्या तोंडात बारीक नळी घालून दाखवली. लगेचच जपानी डॉक्टरांनी आणि दुर्बीण बनवणाऱ्यांनी बाजूला पाहणारी दुर्बीण आणून हे काम जमण्याजोगं केलं. समोर पाहणाऱ्या दुर्बिणीला आतड्याच्या भिंतीवरचं ते तोंड तिरकं दिसतं, बाजूला पाहणारीला अगदी समोर. पण तोवर हा फक्त तपास होता, नळीत एक्स-रेवर उमटणारी डाय सोडून फोटो काढण्यापुरता. 1974 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनमधून क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानमधून कावाई यांनी झडप दुर्बिणीतूनच विजेच्या तारेनं कापण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि तपासाचा उपचार झाला.

आजही मूळ कृती तीच आहे. उपाशीपोटी आलेल्या पेशंटला गुंगी देऊन पालथं किंवा कुशीवर झोपवतात. दुर्बीण तोंडावाटे आतड्यात जाते, एक मऊ टोकाची तार पित्तनलिकेत सरकवतात, डाय सोडून एक्स-रेच्या पडद्यावर खडा पाहतात. मग धनुष्यासारखी ताणली जाणारी तार वापरून झडपेला छोटा छेद देतात आणि फुग्यानं किंवा जाळीच्या बास्केटनं खडा आतड्यात ओढतात. खडा तोंडातून बाहेर येत नाही, तो शौचावाटे निघून जातो. "खडा दाखवा" म्हणणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. खडा फार मोठा असेल तर तोंड फुग्यानं रुंदावतात, खडा फोडतात, किंवा तात्पुरता स्टेंट, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. तो स्टेंट विसरला तर तुंबतो आणि कावीळ-ताप परत येतो.

सगळी मेख तार पित्तनलिकेत सरकवण्यात आहे. दोन्ही नळ्यांची तोंडं इतकी लगत की तार स्वादुपिंडात जाऊ शकते. वारंवार टोचल्यानं तोंडाला सूज येते आणि स्वादुपिंडाचा रस बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो. डाय दाबानं आत गेली किंवा विजेची धग लागली तरी इजा होते. मग जे पाचक रस आतड्यात जाऊन काम करायचे, ते स्वादुपिंडातच जागे होतात.

सुरुवातीच्या काळात स्वादुपिंडाची ही सूज, म्हणजे "पँक्रिएटायटिस", प्रत्येक डॉक्टर वेगळ्या अर्थानं मोजत असे, त्यामुळे धोका किती हेच ठरत नव्हतं. 1991 मध्ये कॉटन आणि इतरांनी व्याख्या बसवली: पोटात नवं दुखणं, 24 तासांनंतरही रक्तातलं ॲमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य नेहमीच्या कमाल पातळीच्या किमान तिप्पट, आणि त्यापायी दवाखान्यात जास्त राहावं लागणं. नुसतं ॲमायलेज वाढलं आणि दुखत नसेल तर तो पँक्रिएटायटिस नव्हे. रिपोर्टवरचा लाल आकडा पाहून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. 1996 मध्ये फ्रीमन यांच्या गटानं झडप कापलेल्या 2,347 पेशंटचा हिशोब मांडला. पँक्रिएटायटिस 5.4 टक्क्यांना झाला होता. धोका सगळ्यांना सारखा नव्हता. तरुण, तार घालायला त्रास झालेला पेशंट आणि ज्यांना खडा नसून फक्त "झडपेचा दोष" असल्याचा संशय होता, त्यांना तो बराच जास्त होता.

माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात बोचरं पान हेच. ज्यांना ईआरसीपीची गरज सर्वात कमी, त्यांनाच त्रास सर्वात जास्त. नुसत्या पोटदुखीसाठी झडप कापून उपयोग होतो का, हे पाहणारा अभ्यास 2014 मध्ये आला; खोटी प्रक्रिया केलेल्यांपेक्षा खरी केलेल्यांना फायदा झाला नव्हता. तोवर एमआरसीपी, म्हणजे एमआरआयवर पित्तनलिका पाहण्याची तपासणी, रुळली होती. म्हणून आता "खडा आहे का बघू" म्हणून ईआरसीपी करायची नसते. आधी खडा दाखवा, मग दुर्बीण घाला.

बचावाचा मोठा टप्पा 2012 चा. जास्त धोक्याच्या 602 पेशंटपैकी ज्यांना गुदद्वारातून इंडोमेथासिन हे सूज कमी करणारं औषध दिलं त्यांच्यात पँक्रिएटायटिस 9.2 टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात 16.9 टक्के. आपल्याकडे त्याच गटातली 100 मिलिग्रॅमची डायक्लोफिनॅक सपोझिटरीही चालते. किडनीचा आजार किंवा या औषधाची ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत, म्हणून ते आधीच सांगायला हवं.

उदाहरणादाखल तासगाव भागातली पस्तिशीची बाई घेऊ. कावीळ आहे, एमआरसीपीत 7 मिलिमीटरचा खडा दिसतो, म्हणजे ईआरसीपी योग्यच. तार दोनदा स्वादुपिंडात जाते. डॉक्टर हट्ट न करता ती तार तिथेच ठेवून दुसरी पित्तनलिकेत घालतात, खडा काढतात आणि स्वादुपिंडाच्या नळीत बारीक स्टेंट ठेवतात, म्हणजे सूज आली तरी रस वाहता राहील. सपोझिटरी आधीच दिलेली आहे. तरीही चार तासांनी बेंबीच्या वर दुखायला लागतं, कळ पाठीत जाते, उलटी होते. दुसऱ्या दिवशीही दुखणं कायम, आणि ॲमायलेज पाचपट. उपचार म्हणजे सलाईन, तेही प्रामुख्यानं रिंगर लॅक्टेट, वेदनाशामक, आणि दुखणं उतरलं की हलका आहार. बहुतेकांचं असंच काही दिवसांत निवळतं. थोड्यांत स्वादुपिंडाचा भाग मरतो आणि मुक्काम आयसीयूत लांबतो. या बाईचा स्टेंट आपोआप पडला का, हे आठवड्याभरानं एक्स-रेवर पाहतात; नसेल तर दुर्बिणीनं काढतात.

घरी सोडताना नर्सनं सांगितलेलं नीट ऐकावं: पोट आणि पाठ सलग दुखली, ताप आला किंवा शौच काळं झालं, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. शिवाय पित्ताशय अजून जागेवरच असतं आणि त्यातले उरलेले खडे पुन्हा खाली घसरू शकतात. त्यामुळे प्रकृती झेपणारी असेल तर सूज ओसरल्यावर लॅप्रोस्कोपीनं पित्ताशय काढायची तारीख बहुतेक डॉक्टर डिस्चार्ज कार्डावरच लिहून देतात.