कर्ज काढणाऱ्यालाही बक्षीस: यील्ड फार्मिंगचा परतावा का आटतो

१५ जून २०२० पासून ‘कंपाउंड’ या सेवेत एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. ठेवीदाराला व्याज मिळतच होतं, पण आता कर्ज काढणाऱ्यालाही बक्षीस मिळू लागलं. कंपाउंड ही बँक नाही. ती इथेरियम ब्लॉकचेनवर आपोआप चालणारी प्रणाली आहे. एक जण तिथे आपलं क्रिप्टो ठेवतो, दुसरा तारण ठेवून ते उसनं घेतो आणि व्याजदर मागणीप्रमाणे वरखाली होतो. बक्षीस होतं ‘कॉम्प’ नावाच्या नव्या टोकनचं. ब्लॉकचेनवर जोडल्या जाणाऱ्या नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यामागे, म्हणजे ब्लॉकमागे, अर्धा. दिवसाला सुमारे २८८० कॉम्प. त्यातले निम्मे ठेवीदारांना आणि निम्मे कर्जदारांना. अशी बक्षिसं जिथे जास्त मिळतील तिथे पैसे हलवत राहणं म्हणजे यील्ड फार्मिंग.

यामागचा विचार प्रामाणिक होता. सेवा वापरणाऱ्यांच्या हातात कॉम्प यावं आणि त्यांनीच मतदान करून नियम ठरवावेत. पण कर्ज घेण्यासाठीच पैसे मिळू लागले की गरज नसतानाही कर्ज घेतलं जातं.

एक उदाहरण करून पाहू. ‘डाय’ या डॉलरशी बांधलेल्या नाण्याच्या तारणावर त्याच्या ७५ टक्के कर्ज मिळायचं. तुम्ही १००० डाय ठेवलेत, त्यावर ७५० डायच उसने घेतलेत आणि तेही पुन्हा ठेवलेत. मग त्यावर आणखी कर्ज काढलंत. असं करत गेलं की शेवटी तुमच्या नावावर ४००० ची ठेव आणि ३००० चं कर्ज दिसतं. पदरचे मात्र तेच १०००. सोयीसाठी असं धरू की ठेवीवर ३ टक्के व्याज मिळतं आणि कर्जावर ५ टक्के द्यावं लागतं. म्हणजे वर्षाला १२० मिळाले, १५० गेले. ३० चा तोटा. पण दोन्ही बाजूंच्या ७००० वर ४ टक्क्यांइतकं कॉम्प मिळत असेल, तर २८० डॉलरचं बक्षीस हाती येतं. तोटा वजा केल्यावर २५० उरतात, म्हणजे हजारावर २५ टक्के.

आता फक्त कॉम्पचा भाव निम्मा करा. बक्षीस १४० वर येतं आणि परतावा २५ वरून ११ टक्क्यांवर. भाव दहाव्या भागावर आला की बक्षीस २८ डॉलर आणि तोटा तसाच ३०. सगळा नफा टोकनच्या भावावर टांगलेला असतो.

हे कागदावरचं गणित नव्हतं. जुलैच्या सुरुवातीला वाटपाचा नियम बदलल्यावर डायमध्ये अशी चक्रं इतकी फिरली की कंपाउंडमध्ये दिसणारी डायची ठेव जगातल्या एकूण डायपेक्षा जास्त झाली. खरी मागणी किती आणि बक्षिसासाठीची किती, हे ओळखण्याची इतकी स्वच्छ खूण क्वचितच मिळते.

परतावा आटण्याची दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं भागाकाराचं. कॉम्पचा भाव २०० डॉलर धरला तर रोजचं वाटप ५,७६,००० डॉलरचं, वर्षाचं सुमारे २१ कोटींचं. बक्षिसाला पात्र रक्कम १० कोटी असेल, तर पडद्यावर २१० टक्के झळकतात. तो आकडा पाहून लोक धावतात. रक्कम १०० कोटी झाली की तोच परतावा २१ टक्के होतो. पडद्यावरचा आकडा आजचं वाटप आणि आजचा भाव वर्षभर तसाच राहील असं गृहीत धरून काढलेला असतो.

दुसरं कारण विक्रीचं. फार्मिंग करणाऱ्याला मतदानात सहसा रस नसतो. तो मिळालेलं कॉम्प विकून डॉलर किंवा डाय घेतो. कॉम्पला लाभांश नव्हता, मिळत होता तो मताचा हक्क. म्हणजे भाव टिकवायला रोजच्या विक्रीइतकाच नवा खरेदीदार रोज हवा. पहिल्या आठवड्यात कॉम्प ३०० डॉलरच्या वर गेलं. नोव्हेंबरपर्यंत ते १०० च्या आसपास घसरलं. २०२१ च्या तेजीत ते पुन्हा खूप चढलं हेही खरं, पण त्या वेळी सगळा क्रिप्टो बाजारच चढत होता.

बक्षीस हळूहळू न आटता एका दिवसात थांबलं तर काय होतं, हे युनिस्वॅप या क्रिप्टोच्या अदलाबदलीच्या सेवेवर दिसलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी अदलाबदलीसाठी नाण्यांच्या चार जोड्यांमध्ये पैसे ठेवणाऱ्यांना ‘युनी’ टोकन द्यायला सुरुवात केली आणि १७ नोव्हेंबरला ते बंद केलं. त्याच सुमारास सुशीस्वॅप या प्रतिस्पर्धी सेवेने त्याच चार जोड्यांवर आपलं टोकन देऊ केलं, आणि काही दिवसांतच युनिस्वॅपमधला निम्म्याहून अधिक पैसा निघून गेला.

म्हणून अशा सेवेचा पडदा पाहताना मी आधी दोन आकडे वेगळे करते: व्याज किंवा व्यवहारशुल्कातून येणारा परतावा आणि टोकनमधून येणारा. पहिला कोणीतरी सेवा वापरून भरलेला असतो. दुसऱ्यासाठी मी रोज किती नवी टोकन बाहेर पडतात ते शोधते, त्याला भावाने गुणते, आणि इतक्या रकमेचं टोकन रोज विकत घेईल असा कोण आहे, ते पाहते.