डायलिसिसच्या पिशवीवरचा आकडा: कटऑफची पार्श्वभूमी

प्रोटीनच्या नमुन्यातलं मीठ पडद्यातून बाहेर घालवायला लॅबमध्ये जे डायलिसिस करतात, त्याची सुरुवात १८६१ ची. पार्चमेंट कागदाचा पडदा, एका बाजूला डिंक-साखरेचं मिश्रण, दुसऱ्या बाजूला पाणी. साखर पलीकडे गेली, डिंक अलीकडेच राहिला. नंतर कोलोडियनच्या पिशव्या आल्या, त्या लॅबमध्येच ओतून बनवायच्या आणि प्रत्येकीचं भोक वेगळं, त्यामुळे त्यांच्यावर आकडा छापायचा प्रश्नच नव्हता.

आकड्याची भानगड सुरू झाली ती सेल्युलोजच्या नळीपासून. ही नळी अमेरिकेत सॉसेजचं वेष्टन म्हणून बनायची, प्रोटीनवाल्यांनी ती उचलली आणि वापरता वापरता कळलं की साधारण १२ ते १४ किलोडाल्टनच्या वरचं आत राहतं. म्हणजे हा आकडा कुणी ठरवून आणलेला नाही, त्या मालाची भोकं तशी निघाली एवढंच. पुढे ३.५, १०, ५० असे कटऑफ विकायला आले आणि लोक ते चाळणीच्या मापासारखे वाचायला लागले, आकड्याच्या वरचं सगळं आत, खालचं सगळं बाहेर. खरी व्याख्या इतकी कडक नाही. ज्या रेणूचा साधारण ९० टक्के भाग ठराविक वेळात आत टिकतो त्याचं वजन म्हणजे कटऑफ. वेळ किती आणि चाचणीला रेणू कुठला, हे बनवणाऱ्यावर अवलंबून. त्यात १९६० च्या दशकापासून दाब देऊन गाळायचे पडदेही तसेच आकडे घेऊन आले, तिथे द्रव ढकलला जातो, इथे रेणू आपला आपण सरकतो, त्यामुळे दोन्हीकडचा १० म्हणजे एकच १० असं धरू नये. माझ्या मते तरी एकच शब्द दोन्हीकडे चालवला तिथेच घोळ झाला.

म्हणून हातचं राखून निवडायचं, कटऑफ प्रोटीनच्या वजनाच्या निम्म्याच्या वर नको. ६६ किलोडाल्टनच्या अल्ब्युमिनला जुनी १२-१४ ची नळी मस्त चालते, ५० ची घ्यायची काही गरज नाही, मीठ काय दोन्हीतून जाणारच. १४ किलोडाल्टनच्या प्रोटीनला मात्र ३.५ चीच घ्या. आणि वजन बघताना त्या बफरमध्ये प्रोटीन कुठल्या रूपात आहे तेही बघायचं. इन्सुलिन जस्ताबरोबर सहाच्या गटात असतं तेव्हा ३५ किलोडाल्टनच्या आसपास भरतं, पण बाहेरच्या बफरमध्ये ईडीटीए असेल तर ते जस्त ओढून घेतं, गट फुटतो, आणि सुटं इन्सुलिन ६ किलोडाल्टनपेक्षाही कमी, मग ते १२-१४ मधून निघून गेलं तर नवल नाही.

गळती पकडणंही सोपं नाही. समजा निकेल कॉलमवरून ५ मिली नमुना आला, प्रोटीन २ मिलीग्रॅम प्रति मिली, इमिडाझोल ५०० मिलीमोलर. पाचवा हिस्सा गळला तर २ मिलीग्रॅम प्रोटीन ५०० मिली बफरमध्ये पसरतं, २८० नॅनोमीटरला रीडिंग ०.००४ च्या घरात, त्यात इमिडाझोलचं स्वतःचं रीडिंग मिसळलेलं, म्हणजे बाहेर काही दिसणारच नाही. त्यापेक्षा आतला हिशोब करा, आधीचं आणि नंतरचं आकारमान गुणिले प्रमाण. नुसतं प्रमाण बघून चालत नाही, कारण पिशवी पाणी ओढून फुगते. तूट आली तर आधी नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाशी गाळ बसतोय का बघा, प्रोटीन गळलंय का साकळलंय ते तिथे कळतं.

बफर किती घ्यायचा यावरही जुनी सवय अशी की एकच मोठं बीकर भरायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. वरचाच नमुना घ्या. १ लिटरमध्ये एकदाच ठेवला तर इमिडाझोल २.५ मिलीमोलरला येऊन थांबतं, कितीही तास ठेवा. तोच लिटर ५००-५०० करून दोनदा वापरला तर ०.०५. आणि २०० मिली तीनदा, म्हणजे एकूण ६०० च, तर ०.००७ मिलीमोलर. अट एवढीच की प्रत्येक वेळी आतबाहेर समान व्हायला वेळ द्यायचा, बीकर ढवळत ठेवायचं, पहिले दोन बदल दोन-तीन तासांनी आणि शेवटचा रात्रभर. अमोनियम सल्फेटचा नमुना असेल तर नळीत निम्मी जागा मोकळी सोडा, नाहीतर फुगून गाठ सुटते आणि प्रोटीनवर पाणी सोडावं लागतं. सल्फेट गेलं का ते बाहेरच्या बफरच्या थेंबात बेरियम क्लोराईड टाकून बघतात, पांढरा गाळ आला तर अजून आहे. फॉस्फेट बफरमध्येही गाळ येतो, पण तो हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतो, सल्फेटचा विरघळत नाही.

१९५९ मध्ये डेक्स्ट्रानच्या जेलचे कॉलम आले आणि नुसतं मीठ काढायला रात्र घालवायची गरज संपली. ८.३ मिलीच्या छोट्या कॉलमवर २.५ मिली नमुना टाकायचा, खाली पडेल ते सोडून द्यायचं, मग ३.५ मिली बफर टाकून खाली येतं ते गोळा करायचं, काही मिनिटांचं काम, पण नमुना १.४ पट पातळ होतो. २.५ च्या वर टाकलं की प्रोटीनच्या शेपटाला मीठ लागून येतं. युरिया हळूहळू कमी करत प्रोटीनची घडी बसवायची असेल तिथे मात्र कॉलमची घाई नको असते, त्याला अजून पिशवीच लागते.