चार मिनिटं उलटली की कॉफी कडू होते का?

कॉफी करून दाखवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक सूचना हमखास असते: ‘चार मिनिटं झाली की लगेच गाळा, नाहीतर कॉफी कडू होईल.’ आपल्याला ते लगेच पटतं, कारण चहाची पूड पाण्यात राहिली तर चहा तुरट होतो हे घरोघरी माहीत आहे. पण पाण्यात मुरवलेल्या कॉफीला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तो का होत नाही, हे बघायला व्हॉल्व्हचा ड्रिपर, म्हणजे कागदी गाळणी बसवलेलं आणि बुडाशी झडप असलेलं कॉफीचं भांडं, हे फार चांगलं साधन आहे, कारण त्यात कॉफी किती वेळ मुरवायची हे पूर्णपणे आपल्या हातात असतं.

साध्या ड्रिपरमध्ये पाणी ओतलं की ते कागदातून खाली उतरायला लागतं. म्हणजे वेळ ठरवतात ते पूड किती बारीक आहे आणि आपण किती सावकाश ओततो. तैवानमध्ये तयार झालेल्या क्लेव्हर ड्रिपरच्या बुडाशी मात्र सिलिकॉनची झडप असते. ड्रिपर ओट्यावर ठेवला की ती बंद राहते. कपावर ठेवला की कपाची कड खालची चकती वर ढकलते आणि कॉफी निथळायला लागते. उचलला की धार थांबते. जपानी हॅरिओ स्विचमध्ये हेच काम स्टीलची एक गोळी करते, खटका दाबला की ती वर उचलली जाते. दोन्हींत आधी कॉफी फ्रेंच प्रेस या दट्ट्याच्या भांड्यातल्यासारखी पाण्यात मुरते आणि मग कागदातून गाळली जाते, त्यामुळे कपात गाळ जवळजवळ येत नाही.

आता मुरताना काय होतं ते बघू. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो: आम्लं, कॅफीन, शर्करेचे अवशेष आणि भाजताना तयार झालेले तपकिरी, कडसर पदार्थ. बाकीचा चोथा. हे पदार्थ बीच्या पेशींमध्ये असतात आणि एक पेशी साधारण 30 ते 50 मायक्रॉनची असते. मध्यम दळलेल्या पुडीचा कण 800 मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक पेशी बसतात. पृष्ठभागावरच्या पेशी दळतानाच फुटलेल्या असतात. पाणी लागताच त्यांच्यातलं सगळं बाहेर येतं, म्हणून पहिल्याच मिनिटात पाणी एकदम काळं दिसतं. आतल्या पेशींमधल्या रेणूंना मात्र ओल्या भिंतींमधून वाट काढत बाहेर यावं लागतं. या प्रवासाला विसरण म्हणतात. त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे कण दुप्पट जाड असेल तर आतला माल बाहेर यायला चौपट वेळ लागतो. ‘किती मिनिटं?’ या प्रश्नाला ‘किती जाड दळली?’ हे कळल्याशिवाय उत्तर नाही, ते यामुळे.

पण या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट यापुढची आहे. विसरण चालतं ते फरकावर. कणाच्या आत पदार्थ दाट आणि बाहेरच्या पाण्यात पातळ असतील, तोवर ते बाहेर येतात. ड्रिपरची झडप बंद असताना बाहेरचं पाणी तेच राहतं, आणि दर मिनिटाला ते अधिक दाट होत जातं. आत-बाहेरचा फरक घटत जातो, तशी बाहेर येण्याची गतीही घटते. शेवटी अशी स्थिती येते की जितके रेणू बाहेर पडतात, जवळपास तितकेच परत कणांना चिकटतात. हा समतोल. साबणाचा कपडा एकाच बादलीतल्या पाण्यात कितीही वेळ बुचकळला तरी साबण पूर्ण निघत नाही, त्यासाठी पाणी बदलावं लागतं. इथेही तेच घडतं. वरून सतत ताजं पाणी ओतण्याच्या पद्धतीत पाणी बदलत राहतं, म्हणून तिथे नको ते पदार्थही ओढून निघण्याचा धोका खरा असतो. मुरवलेल्या कॉफीला समतोलाचा लगाम आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉफी संशोधन केंद्रात विल्यम रिस्टेनपार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समतोल मोजला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध केला. पुरेसा वेळ मुरू दिल्यावर कॉफीच्या वजनाच्या सुमारे 21 टक्के पदार्थ पाण्यात उतरतात. 80 ते 99 अंशांच्या दरम्यान पाण्याचं तापमान बदललं, दळण बदललं किंवा पाण्याचं प्रमाण बदललं, तरी हा आकडा फारसा हलला नाही. दळण आणि तापमान यांनी समतोलापर्यंत पोहोचण्याचा वेग बदलतो, मुक्काम जवळपास तोच राहतो.

हे घरच्या मापाने करून बघू. 15 ग्रॅम पूड आणि 250 ग्रॅम पाणी घेतलं. 15 ग्रॅमचे 21 टक्के म्हणजे 3.15 ग्रॅम पदार्थ विरघळले. द्रावाची तीव्रता झाली सुमारे 1.24 टक्के. चोथा स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे अंदाजे 30 ग्रॅम द्रव ड्रिपरमध्येच राहतो, आणि त्यासोबत 0.37 ग्रॅम कॉफीही. कपात येते साधारण 220 ग्रॅम कॉफी, तिच्यात 2.8 ग्रॅमच्या आसपास विरघळलेले पदार्थ. आता कुणाला ही कॉफी पातळ वाटली आणि त्याने पाचऐवजी दहा मिनिटं मुरवली, तर समतोल आधीच जवळ आल्याने तीव्रता जेमतेम वाढेल. त्याऐवजी पूड 18 ग्रॅम केली, तर तीच तीव्रता 1.5 टक्क्यांच्या जवळ जाते. कॉफी कडक हवी असेल तर पूड वाढवावी, मिनिटं नव्हे.

मग वेळेने काहीच बदलत नाही का? बदलतं, आणि ते पहिल्या काही मिनिटांतच ठळकपणे बदलतं. मध्यम भाजलेली चिकमगळूरची अरेबिका घ्या, जाडसर साखरेएवढी दळा आणि उकळी बसलेल्या पाण्यात मुरवा. एका मिनिटाला झडप उघडली तर कपात आम्लं पुढे असतात, कारण ते लहान रेणू भराभर बाहेर येतात. चव पाणचट आणि टोकदार आंबट लागते, जिभेवर काही टिकत नाही. अडीच-तीन मिनिटांना तोच आंबटपणा गोडसर फळासारखा वाटायला लागतो, कारण मागून येणाऱ्या जड पदार्थांनी त्याला बैठक मिळालेली असते. पाच मिनिटांना कॉफी अंगाने भरते. दहा मिनिटांना ती थोडी जड लागते, थोडी थंड झालेली असते आणि वरचा फुलासारखा वास उडालेला असतो. पण ‘कडूजहर’ होत नाही. तुलना करायची तर सगळे कप सारखेच कोमट झाल्यावर चाखा, कारण गरम आणि कोमट कॉफीची चव वेळेपेक्षाही जास्त वेगळी लागते.

आठ मिनिटांनी तुमची कॉफी खरंच कडू होत असेल, तर संशय घड्याळावर घेऊ नका. बिया काळ्या-तेलकट होईपर्यंत भाजलेल्या असतील, तर तो कडूपणा भाजण्यातून आला आहे आणि तो दुसऱ्या मिनिटालाही कपात असतो. दुसरी शक्यता म्हणजे दळताना पडलेली पिठासारखी धूळ. पात्याच्या साध्या ग्राइंडरमध्ये ती भरपूर होते. ती कागदाची छिद्रं बुजवते आणि कॉफी निथळायला एका-दीड मिनिटाऐवजी चार-पाच मिनिटं लागतात. आपण मुरण्याची मिनिटं मोजत बसतो आणि हा वेळ कुणी मोजत नाही.

इथे एक छोटी युक्ती फार उपयोगी पडते: आधी पाणी, मग पूड. कागद खोचून गरम पाण्याने धुवून घ्या, ते पाणी काढून टाका, झडप बंद असल्याची खात्री करा आणि 250 ग्रॅम पाणी आधी ओता. त्यावर 15 ग्रॅम पूड टाकून चमच्याने दोन-तीनदा अलगद ढवळा, सगळी पूड ओली झाली की झाकण ठेवा. पूड आधी आणि पाणी नंतर घातलं, तर धारेच्या जोराने धूळ थेट कागदावर जाऊन बसते. पाणी आधी असलं तर पूड वर तरंगते, सावकाश खाली येते आणि जाड कण खाली बसून त्यांचाच एक सैल थर गाळणीचं काम करतो. दोन मिनिटांनी वरची साय एकदा हलवा, अर्धा मिनिट थांबा आणि कपावर ठेवा. धार सुरुवातीला जोरात येऊन मग अगदी थेंबथेंब झाली, तर पुढच्या वेळी दळण एक खूण जाड करा. धारच आली नाही, तर आधी कप बघा. फार रुंद तोंडाच्या मगवर क्लेव्हरची चकती वर ढकललीच जात नाही. दक्षिणी पद्धतीच्या फिल्टरची बारीक, चिकोरी मिसळलेली पूड या ड्रिपरमध्ये घालू नका, ती कागद चोंदवते.

कागदाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा फार गैरवापर होतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाचे पदार्थ असतात, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात. कागद त्यांतला बहुतेक भाग अडवतो, फ्रेंच प्रेसची धातूची जाळी अडवत नाही. हे विज्ञान पक्कं आहे. पण यावरून ‘हृदयासाठी कॉफी’, ‘शरीरातली विषं काढणारी कॉफी’ अशी लेबलं लावून दुप्पट भावाने पुड्या विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. कागद एक घटक कमी करतो, कुठला आजार बरा करत नाही.

शेवटी निथळण्याबद्दल. झडप उघडल्यावर जो द्रव चोथ्यातून उतरतो तो आधीच समतोलाजवळ पोहोचलेला असतो, त्यामुळे जाता जाता तो फारसं काही नवीन ओढून नेत नाही. म्हणूनच मुरण्याच्या वेळेत अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तरी चव फारशी ढळत नाही. चोथ्यात अडकलेले ते 0.37 ग्रॅम मात्र ताज्या पाण्याने मिळवता येतात: 250 पैकी 200 ग्रॅम पाण्यात मुरवा, कॉफी निथळत आली की झडप उघडीच ठेवून उरलेलं 50 ग्रॅम गरम पाणी वरून गोल फिरवत ओता. ते पाणी ताजं असतं, समतोल मोडतो आणि विरघळण्याचं काम पुन्हा सुरू होतं. हलक्या भाजलेल्या कॉफीला यामुळे गोडवा येतो. गडद भाजलेलीला हे करू नका, तिच्यातला कडूपणाही याच पाण्यासोबत कपात उतरतो.