मांजराचं थांबलेलं जठर, माणसाचं घाईला आलेलं आतडं

मुलाखत अकरा वाजता आहे. सकाळी सातला खाल्लेलं दहापर्यंत पोटात तसंच पडून आहे असं वाटतं, मळमळतं, आणि त्याच तीन तासांत तीनदा शौचाला जावं लागतं. आयबीएस म्हणजे आतड्यात उघड दोष न दिसताही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होण्याचा आजार. त्याच्या रुग्णांकडून डॉक्टर ही तक्रार रोज ऐकतात. तिच्यातली विसंगती मात्र सहज निसटते. ताणामुळे पोट बिघडतं हे खरं, पण वरचं टोक थंडावतं आणि खालचं घाईला येतं. एकच ताण दोन ठिकाणी उलट कसा वागतो? याचं उत्तर मिळायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली आणि ते पुरतं मिळालं असं आजही म्हणता येत नाही.

आधी आतड्याची मूळ व्यवस्था पाहू. १८५७ मध्ये माइसनरला आतड्याच्या आतल्या अस्तराखाली मज्जापेशींचं जाळं दिसलं. त्यानंतर काही वर्षांतच आउअरबाखला स्नायूंच्या दोन थरांमध्ये दुसरं जाळं सापडलं. ही जाळी करतात काय, हे लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये दाखवलं. त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणारे मज्जातंतू कापले आणि मग आतड्याची एक जागा आतून फुगवली. तरीही फुगवलेल्या जागेच्या वरच्या बाजूचा भाग आकसला आणि खालचा सैलावला, म्हणजे आतला ऐवज पुढे ढकलला गेला. पेरिस्टाल्सिसचा हा मूळ डाव मेंदूशी संबंध तुटल्यावरही चालू राहिला. १९१७ मध्ये ट्रेंडेलेनबर्गने शरीराबाहेर काढलेल्या गिनिपिगच्या आतड्यावरही तेच दाखवलं. १९२१ मध्ये लँग्ली या केंब्रिजच्या शरीरशास्त्रज्ञाने स्वायत्त मज्जासंस्थेचे तीन भाग मांडले आणि आतड्याच्या मज्जासंस्थेला, धोक्यात शरीर सज्ज करणारी सिम्पथेटिक व निवांतपणी पचन चालवणारी पॅरासिम्पथेटिक यांच्या बरोबरीने तिसरं स्थान दिलं. त्याचं निरीक्षण साधं होतं. मेंदूकडून व्हेगस या लांब मज्जातंतूमधून आतड्याकडे येणारे तंतू मोजके आहेत आणि आतड्यातल्या मज्जापेशी कितीतरी जास्त. इतक्या थोड्या तंतूंनी इतक्या पेशींना पेशीगणिक हुकूम देणं शक्यच नाही.

लँग्लीचा हा विचार पुढे कित्येक दशकं बाजूला पडला. पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मेंदू आतडं चालवत नाही. ते आपलं आपण चालतं, मेंदू फक्त त्याचा वेग आणि संवेदनशीलता वरखाली करतो. ताणाचा परिणाम पाहताना हाच फरक लक्षात ठेवावा लागतो.

ताणाच्या परिणामाची एक पक्की नोंद मात्र बेलिस-स्टार्लिंगच्याही आधीची आहे आणि ती जवळजवळ अपघाताने झाली. हार्वर्डचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅनन १८९६ पासून नव्याने निघालेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत होता. खाण्यात बिस्मथ मिसळलं की जठराची आकृती पडद्यावर दिसे आणि तिच्यावरून सरकणाऱ्या लाटाही. काही मांजरांमध्ये मात्र लाटा दिसतच नव्हत्या, आणि ती बहुतेक तरुण बोके होते. बांधून ठेवलं की ते चिडायचे, सुटायची धडपड करायचे. वयस्क मांजरी निवांत पडून राहायच्या आणि त्यांचं जठर आपलं काम करत राहायचं. कॅननने मग मुद्दाम शांत मांजरीचं तोंड-नाक थोडा वेळ झाकलं. ती अस्वस्थ झाली आणि लाटा थांबल्या. पिल्लं असलेल्या एका मांजरीच्या बाबतीत, तिला कुरवाळून ती पुन्हा समाधानाने घुरघुरू लागल्यावरच जठर हलू लागलं. १८९८ मध्ये हे छापून आलं. पुढे कॅननने ही गोष्ट सिम्पथेटिक मज्जातंतू आणि ॲड्रेनॅलिनशी जोडली. धोका आला की पचन थांबतं, रक्त स्नायूंकडे जातं. ही मांडणी इतकी पटण्यासारखी होती की ताण म्हणजे पचन बंद, हे समीकरणच बनून गेलं.

मग मुलाखतीच्या सकाळी तीनदा शौचाला जाणाऱ्याचं काय? याकडे नीट पाहिलं ते न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या थॉमस आल्मी यांनी, १९४०च्या दशकात. निरोगी स्वयंसेवकांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात दुर्बीण घालून ते त्यांना त्रास देत. डोक्याभोवती पट्टा आवळणं हा त्यातला एक प्रकार. दुर्बिणीतून आतड्याची भिंत आकसताना, आतली पोकळी अरुंद होताना डोळ्यांना दिसे. सगळ्यांत कुप्रसिद्ध प्रयोगात एका वैद्यकीय विद्यार्थ्याला, दुर्बीण आत असतानाच, कर्करोग दिसतोय असं भासवण्यात आलं. आतडं जोरात आकसलं आणि तसंच राहिलं. थट्टा होती असं सांगितल्यावर सैल झालं. आज कुठलीही नीती समिती हा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि करूही नये. पण निष्कर्ष टिकला: ताणाने मोठं आतडं थांबत नाही, उलट जास्त काम करतं.

इथे एक गफलत सहज होते. आतडं आकसलं म्हणजे ऐवज पुढे सरकला, असं नव्हे. कॉनेल यांनी १९६२ मध्ये मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला दाब मोजला, तेव्हा बद्धकोष्ठ असलेल्यांमध्ये हालचाल जास्त निघाली आणि जुलाब असलेल्यांमध्ये कमी. कारण तिथली बरीचशी आकुंचनं जागच्या जागी होतात. ती ऐवज पुढे ढकलत नाहीत, उलट अडवतात. वरून लांब पल्ल्याची जोरदार लाट आली आणि खालचा अडसर ढिला असला की जुलाब. लाटा कमी आणि अडसर आवळलेला असला की कोरडे खडे आणि कळ. म्हणून एकाच ताणाने एकाला जुलाब होतात आणि दुसऱ्याला चार दिवस होतच नाही.

उलट दिशांचं कोडं सुटायला लागलं ते मेंदूतल्या एका छोट्या रेणूमुळे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत वाइली व्हेल आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या मेंदूतून ४१ अमिनो आम्लांचा सीआरएफ वेगळा केला. ताण आला की हायपोथॅलॅमसमधून हाच सुटतो आणि पुढे कॉर्टिसॉलपर्यंतची साखळी चालू होते. मग लॉस एंजेलिसमध्ये इव्हेत ताशे यांनी आणि इतरही गटांनी तो उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिला. जठर रिकामं व्हायला वेळ लागू लागला आणि मोठं आतडं झपाट्याने चालू लागलं, लेंड्या वाढल्या. हुबेहूब ताणासारखं. सीआरएफ अडवणारं द्रव्य आधी मेंदूत दिलं की ताण देऊनही हा परिणाम बराचसा ओसरायचा. आणि हे पिट्युटरी व ॲड्रेनल ग्रंथींच्या साखळीवर अवलंबून नव्हतं. म्हणजे निरोप रक्तातल्या कॉर्टिसॉलने नाही, थेट मज्जातंतूंनी जात होता.

वाटा दोन आहेत. जठराकडे जाणारा व्हेगसचा उत्तेजक प्रवाह कमी होतो आणि जठर मंदावतं. त्याच वेळी पाठीच्या कण्याच्या तळातून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाकडे जाणारे पॅरासिम्पथेटिक तंतू जोर धरतात. कॅनन वरच्या टोकाकडे पाहत होता, आल्मी खालच्या. दोघेही बरोबर होते.

आता मुलाखतीची ती सकाळ पुन्हा पाहू. पहिल्या खेपेला शौच बांधीव होतं, कारण ते रात्रीपासून खाली तयारच होतं, फक्त लवकर बाहेर पडलं. दुसऱ्या खेपेला पातळ, तिसऱ्या खेपेला थोडंसं पाणी आणि आव. मोठ्या आतड्यात दिवसाला साधारण दीड लिटर द्रव येतो आणि त्यातला बहुतेक शोषला जाऊन शंभर-दोनशे मिलिलिटरच शौचातून जातो. ऐवज घाईने सरकला की शोषणाला वेळ मिळत नाही. शिवाय भिंतीतल्या विशिष्ट पेशी सेरोटोनिन सोडतात, जवळच्या मज्जातंतूंची टोकं चाळवतात आणि स्थानिक प्रतिक्षेप आणखी जोर धरतात. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन मेंदूत नाही, इथेच असतं. दुपारी मुलाखत संपते, रात्री झोप नीट लागते. झोपेत मोठं आतडं शांत होतं, त्यामुळे हा त्रास सहसा कुणाला झोपेतून उठवत नाही. शौचासाठी रात्री जाग येत असेल, रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, तर ताणाकडे बोट दाखवून थांबू नये, तपासण्या कराव्यात.

असं निरोगी माणसालाही होतं. मग आजार कुठे सुरू होतो? जपानच्या फुकुदो यांच्या गटाने १९९८ मध्ये दर किलो वजनामागे २ मायक्रोग्रॅम सीआरएफ शिरेतून दिलं, तेव्हा आयबीएसच्या रुग्णांचं मोठं आतडं निरोगी लोकांपेक्षा जास्त खवळलं. दुसरा धागा त्याहून जुना आहे. १९७३ मध्ये रिची यांनी आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्क्यांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्क्यांना. हा हालचालीचा दोष नव्हे, जाणिवेचा आहे. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू मेंदूकडून आतड्याकडे नाही, आतड्याकडून मेंदूकडे जातात हे ध्यानात घेतलं की यात फार नवल उरत नाही.

एवढं हाती आल्यावर सीआरएफ अडवणारं औषध आयबीएसवर चालेल असं वाटणं साहजिक होतं. पेक्सासेरफॉन्ट हे तसं औषध जुलाबाचा आयबीएस असलेल्या ३९ स्त्रियांना दोन आठवडे देऊन पाहिलं, निकाल २००९ मध्ये आला. मोठ्या आतड्याच्या वेगात प्लासीबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, फरक पडला नाही. दुसऱ्या एका औषधाचीही तीच गत झाली. मला यात उंदीर आणि माणूस एवढाच फरक दिसत नाही. उंदराला दिलेला ताण ताजा असतो, तासाभराचा. रुग्णाचा ताण वर्षानुवर्षांचा, आणि तोवर आतड्याच्या भिंतीतले तंतू व मेंदूची दाद देण्याची पद्धत दोन्ही बदललेली असतात. आता झरा अडवून फार उपयोग होत नाही.

दरम्यान एक जुनं, स्वस्त औषध टिकून राहिलं. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी देतात त्याहून बऱ्याच कमी मात्रेत, १० ते ३० मिलिग्रॅम, दिल्यावर आयबीएसचा त्रास प्लासीबोपेक्षा जास्त कमी होतो, असं २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ते दुखण्याची जाणीव बोथट करतं आणि आतड्याचा वेगही थोडा उतरवतं. मुलाखतीच्या सकाळी तीनदा जाणाऱ्याला हे दोन्ही हवं असतं. चार दिवस न होणाऱ्याला त्यातलं पहिलंच हवं असतं, दुसऱ्याने त्याची अडचण वाढते. म्हणून औषध लिहिण्याआधी रुग्ण कोणत्या बाजूचा, हे डॉक्टरला नीट विचारून घ्यावं लागतं.