पंगतीपासून उलटा हिशोब (स्वयंपाकाची आखणी)

पंगतीपासून उलटा हिशोब म्हणजे पानं कधी वाढायची ती वेळ आधी धरायची आणि तिथून मागं मागं येत कुठला पदार्थ कधी गॅसवर चढवायचा ते ठरवायचं. चार पोळ्या आन् एक भाजी करायची असेल तर याची काही गरज नाही, पण दहा-बारा पदार्थ, दोनच शेगड्या आणि नैवेद्याची वेळ ठरलेली, असं असलं की सकाळी उठून जे हाताला येईल ते करत सुटलं तर भजी अकरालाच तळून गार होतात आणि पोळ्या दोन वाजेपर्यंत चालूच राहतात. मराठवाड्यात हा हिशोब सगळ्यात जास्त लागतो तो महालक्ष्म्यांच्या जेवणाला, म्हणजे भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्रावर जे पूजन असतं त्या दिवशी. कारण त्यात पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, कढी, आंबील, वरण-भात, कोशिंबीर, भजी, कुरडया-पापड हे सगळं एकाच पानात, एकाच वेळी लागतं.

बऱ्याच जणांना वाटतं की ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी करायचं, बास. ते अर्धंच खरं आहे. खरा प्रश्न असतो की झालेला पदार्थ किती वेळ थांबू शकतो. कटाची आमटी दोन तास थांबली तर उलट मुरून चांगलीच लागते, पुरणपोळी तूप लावून कापडात गुंडाळून डब्यात ठेवली की दुपारपर्यंत मऊ राहते, सोळा भाज्यांची भाजी परत गरम करता येते. पण भजी पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडतात, आणि काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी पडलं की तिचं पाणी पाणी होतं. म्हणून न थांबणारे पदार्थ पंगतीला चिकटवायचे आणि थांबणारे मागं ढकलायचे.

आता एक हिशोब करून बघू. माणसं बारा, शेगड्या दोन, कुकर एक, नैवेद्य पाऊण वाजता आणि एकला पानं. अर्धा किलो हरभऱ्याच्या डाळीच्या मध्यम आकाराच्या वीस-बावीस पोळ्या होतात. एक जण लाटायली, एक जण भाजायली असं धरलं तरी एका तव्यावर पोळीमागं चार मिनिटं जातात, म्हणजे दीड तास. शेवटची पोळी सव्वाबाराला उतरली पाहिजे कारण त्याच शेगडीवर पुढं कढई चढवायची आहे, म्हणजे तवा पावणेअकराला तापलेला हवा. त्यावेळी पुरण गार पाहिजे. गरम पुरण भरलं की वाफेनं कणीक ओली पडते, लाटताना कडेनं फुटते आणि पुरण तव्यावर येऊन जळतं. गार व्हायला परातीत पसरून पाऊण तास, म्हणजे दहाला ते वाटून झालेलं हवं. वाटायचं मात्र गरमच, पुरणयंत्रातून गार पुरण फिरवून बघा, खांदा दुखतो. त्याला वीस मिनिटं. त्याच्या आधी गूळ घालून आटवायला अर्धा तास, उलथनं मधोमध उभं राहिलं की झालं. म्हणजे गूळ नऊ वाजून दहा मिनिटांना पडला पाहिजे, त्यासाठी कुकर सव्वाआठला लागला पाहिजे, आणि डाळ दोन तास भिजवायची तर ती सव्वासहाला पाण्यात. एकच्या जेवणाची सुरुवात सव्वासहाला होते, आणि ती पुरणामुळंच होते, कारण त्याच्या पायऱ्या एकामागून एकच येतात, कुठलीच आधी उरकता येत नाही. बांधकामाच्या किंवा कारखान्याच्या प्लॅनिंगमध्ये अशा लांबलचक साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डाळीपाशी. मराठवाड्यात कितीतरी घरी बोअरचं जड पाणी, त्यात हरभऱ्याची डाळ लवकर मऊ होत नाही, आणि डाळ जुनी असली तर विचारूच नका. चार शिट्ट्या झाल्या म्हणून कुकर उघडून गूळ टाकला आणि डाळ कणीदार असली तर पुढं कितीही आटवा, गूळ पडल्यावर डाळ शिजायची जवळजवळ थांबते. म्हणून गूळ घालायच्या आधी एक डाळ बोटानं दाबून बघायची, मधे टणक कण लागला तर परत दोन शिट्ट्या. यात पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणून हातची जादाची पंधरा मिनिटं इथंच, पुरणाच्या आधी ठेवायची म्हणजे डाळ सहालाच भिजत टाकायची. शेवटी ठेवून काही उपयोग नाही, तिथं उशीर आधीच झालेला असतो. शक्य असेल तर डाळ फिल्टरच्या पाण्यात भिजवा आन् शिजवा, फरक कळतो.

बाकीचे पदार्थ या साखळीच्या मोकळ्या जागांत बसवायचे. कणीक भिजवून तासभर तरी मुरायला हवी, आणि पुरण आटवताना ढवळणारीचा हात मोकळा नसतो, खाली लागतं, म्हणून कणीक कुकर चालू असतानाच साडेआठला मळून ठेवायची. त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर भाजी. कट तर डाळ शिजून उपसल्याशिवाय मिळतच नाही, म्हणून आमटी नऊच्या आधी होऊच शकत नाही, पण ती थांबते म्हणून काळजी नाही, तिच्यामागून कढी. तव्यानं दीड तास एक शेगडी अडवली की वरण-भाताचा कुकर दुसरीवर बारा वाजून पाच मिनिटांना, वीस मिनिटं शिजायला आणि पंधरा वाफ जिरायला. सव्वाबाराला तवा उतरला की कढई, आणि त्यात आधी कुरडया-पापड, मग भजी. उलट केलं तर बेसनाचे कण तेलात जळतात आणि कुरडयांना काळे ठिपके येतात.

आंबील या सगळ्याच्या बाहेर राहते आणि म्हणूनच विसरते. ज्वारीचं पीठ ताकात आदल्या रात्री भिजवायचं, सकाळी शिजवायचं, आणि ती गारच प्यायची असते. तिचा हिशोब सव्वासहाच्याही मागं जातो, पण हातातलं काम एकूण वीसच मिनिटांचं. कडक सोवळं असलेल्या घरात तर आदल्या दिवशी भाज्यासुद्धा चिरून ठेवायला चालत नाही, सगळं आंघोळीनंतर. सोळा भाज्या एकाच भांड्यात शिजत असल्या तरी निवडायला-चिरायला दोन जणींना तास जातो, अशा घरी शेगडीपेक्षा हातच कमी पडतात आणि एक माणूस फक्त विळीवर बसवावा लागतो.

या पद्धतीची अडचण एकच, नैवेद्याची वेळ आपल्या हातात नसते. सवाष्ण यायची असते, आरती लांबते, मग पाऊणचा दीड होतो. तेव्हा आखणी बदलायची ती फक्त शेवटच्या अर्ध्या तासाची. कुकर वाफ न काढता तसाच राहू द्यायचा, भात गरम राहतो. भज्याचं पीठ कोरडंच मसाला घालून ठेवायचं, पाणी नाही. बाहेरच्या खोलीतून कुणीतरी "काकू, आरती सुरू झाली" म्हणेपर्यंत घाणा टाकायचा नाही. पहिला घाणा नैवेद्याच्या ताटापुरता, चार-पाच भजी, आणि उरलेली भजी पानं वाढायला घेतल्यावर.